राइट्स इश्यूनंतर भाव २५० वरून २३१ वर आला. माझे पैसे खरंच कमी झाले का?

कर्वेनगरकर

चाकणला कारखाना असलेल्या एका ऑटो पार्ट्स कंपनीचे ४०० शेअर माझ्याकडे बऱ्याच वर्षांपासून आहेत. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ती घ्यावी की विकावी यावर चर्चा नको आहे. कंपनीने राइट्स इश्यू जाहीर केला. दर ४ शेअरमागे १ नवा शेअर, भाव १५० रुपये, सगळे पैसे अर्जाबरोबरच भरायचे. गेल्या गुरुवारी रेकॉर्ड डेट होती.

बुधवारी भाव २५० वर बंद झाला आणि गुरुवारी सकाळी २३१ च्या आसपास उघडला. ॲपमध्ये माझं होल्डिंग एका रात्रीत १,००,००० वरून ९२,४०० वर आलेलं दिसतंय. काल डीमॅटमध्ये एक नवीन ओळ आली आहे. कंपनीच्या नावापुढे आरई असं लिहिलंय, संख्या १००, किंमत शून्य.

मेहुणे म्हणतात, २३१ ची वस्तू १५० ला मिळतेय, डोळे मिटून घे. बायको शाळेत गणित शिकवते. तिचा प्रश्न असा की नवीन शेअरवर ८१ रुपये फायदा असेल, तर जुन्या शेअरवर गेलेले ७,६०० कुणाच्या खिशात गेले? दोघांपैकी कुणालाही मला नीट उत्तर देता आलेलं नाही.

इश्यू सोमवारी उघडतोय. पुढच्या पंधरवड्यात मुलीच्या प्रवेशाची फी भरायची आहे, त्यामुळे १५,००० रुपये काढणं अगदी सोपं नाही. नाहीच भरले तर काय होईल?

स्वप्नील_वारजे

यात विचार करण्यासारखं काय आहे? बाजारात २३१, तुम्हाला १५०. म्हणजे १०० शेअरवर सरळ ८,१०० रुपये फायदा. भाव पडलाय तो तात्पुरता आहे, लोक राइट्सच्या आधी घाबरून विकतात. कंपनी तीच, कारखाना तोच, ऑर्डरी त्याच. एक-दोन महिन्यांत भाव परत २५० ला येईल, मग तर शेअरमागे १०० सुटतील. माझ्याकडे असते तर मी ज्यादा शेअरसाठीही अर्ज केला असता.

आकडेमोड

कर्वेनगरकर, तुमच्या पत्नीचा प्रश्न अगदी नेमका आहे. त्याचंच उत्तर देतो, बाकीचं त्यातून आपोआप सुटेल.

तुमचे ४०० बाजूला ठेवा, फक्त ४ शेअर धरा. बुधवारी संध्याकाळी त्या ४ शेअरची किंमत होती १,००० रुपये. राइट्समध्ये त्यावर १ शेअर मिळणार आणि त्यासाठी कंपनीत १५० रुपये जाणार. म्हणजे आता ५ शेअर आणि त्यांच्यामागे १,१५० रुपयांची किंमत. ५ ने भागा, २३० येतात. यालाच थिऑरेटिकल एक्स-राइट्स प्राइस म्हणतात, थोडक्यात टीईआरपी.

यात कुणी घाबरून विकण्याचा संबंध नाही. कंपनीत पैसे आले ते शेअरमागे १५० या दराने, आणि जुने शेअर होते २५० चे. दोन्ही एकत्र केल्यावर सरासरी मधे कुठेतरी येणारच. जुने शेअर चारपट आहेत म्हणून ती २५० च्या जवळ राहते.

आता २५० वरून २३० झाले, हे २० रुपये कुठे गेले? ते तुमच्याच डीमॅटमधल्या त्या नव्या ओळीत आहेत. आरई म्हणजे राइट्स एन्टायटलमेंट, १५० रुपयांत एक शेअर घेण्याचा हक्क. शेअर २३० चा असेल तर त्या हक्काची किंमत ८०. दर ४ शेअरवर एक हक्क, म्हणजे शेअरमागे २०. बुधवारपर्यंत हा हक्क शेअरच्या पोटात होता, गुरुवारी तो सुटा झाला. ॲपने शेअरचा नवा भाव लगेच दाखवला, पण हक्काचा भाव बाजारात अजून सुरूच झालेला नाही म्हणून तिथे शून्य लिहिलं. त्या शून्यामुळे तुम्हाला तोटा दिसतोय.

तुमचे खरे आकडे घेऊ. ४०० शेअर २३१ ने ९२,४००. १०० आरई, प्रत्येकी ८१ धरून, ८,१००. बेरीज १,००,५००. म्हणजे त्या गुरुवारी तुम्ही ५०० रुपयांनी वरच होता, कारण भाव २३० च्या हिशेबापेक्षा एक रुपया जास्त राहिला.

आता पुढचे रस्ते. सोपं जावं म्हणून भाव बरोबर २३० धरतो.

पैसे भरले तर १५,००० खिशातून जातील, शेअर होतील ५००, किंमत १,१५,०००. भरलेले १५,००० वजा केले की १,००,००० उरतात. आरई विकले तर ४०० शेअरचे ९२,००० आणि विक्रीचे ८,०००, पुन्हा १,००,०००. आणि काहीच केलं नाही, तर ९२,००० आणि एक बाद झालेला हक्क. इश्यू बंद झाल्यावर ती ओळ डीमॅटमधून निघून जाते, त्याबद्दल एक पैसा मिळत नाही.

म्हणून मेहुण्यांचे ८,१०० हा फायदा नाही आणि ॲपमधले ७,६०० हा तोटाही नाही. दोन्ही एकाच रकमेच्या दोन बाजू आहेत. खरा तोटा फक्त तिसऱ्या रस्त्यावर आहे.

स्वप्नील_वारजे

हिशेब पटला, पण भाव २५० ला परत येणार नाही असं थोडंच आहे? चांगली कंपनी असेल तर येतोच.

आकडेमोड

येऊ शकतो, स्वप्नील. पण तेव्हा तो "परत" आलेला नसेल. ५ शेअर २५० ने म्हणजे १,२५०, आणि आपण सुरुवात केली होती १,१५० ने. हे जास्तीचे १०० रुपये कंपनीने कमावून दाखवावे लागतील. राइट्सच्या आधीचे २५० आणि नंतरचे २३० हे एकाच पातळीचे भाव आहेत. जुन्या चार्टशी तुलना करायची तर जुना प्रत्येक भाव २३० भागिले २५०, म्हणजे ०.९२ ने गुणून घ्यायला हवा. कंपन्यासुद्धा आधीच्या वर्षांची प्रतिशेअर कमाई याच गुणोत्तराने सुधारून दाखवतात, कारण सवलतीतल्या राइट्समध्ये थोडा भाग बोनससारखा असतो.

वसुधा_सदाशिव_पेठ

आमच्याकडेही हीच कंपनी असावी असं वाटतंय. वडिलांच्या नावावर २०० शेअरचे जुने कागदी दाखले आहेत. वडील जाऊन तीन वर्षं झाली. आईच्या नावावर अजून काही केलेलं नाही. पत्ता जुनाच असल्यामुळे राइट्सचं पत्र घरी आलं. त्यात ५० नवीन शेअर मिळतील असं लिहिलंय. आईला वाटतंय की बोनस आहे, आपोआप येतील. लक्ष्मी रोडवरच्या बँकेत जाऊन चेक भरायचा का?

आकडेमोड

वसुधाताई, बोनस नाही. ५० शेअरसाठी ७,५०० रुपये भरायचे आहेत, आणि ते चेकने भरता येत नाहीत. खात्यातली रक्कम बँकेत ब्लॉक करून अर्ज करायचा असतो, आयपीओला करतात तसाच.

पण तुमची अडचण त्याच्या आधीची आहे. ज्यांचे शेअर कागदी आहेत त्यांचे आरई कंपनी एका वेगळ्या सस्पेन्स डीमॅट खात्यात ठेवते. इश्यू बंद होण्याच्या किमान दोन कामाचे दिवस आधी, कंपनीच्या भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारला आपल्या डीमॅट खात्याचा तपशील द्यावा लागतो, तेव्हा ते तुमच्या खात्यात येतात. वडील हयात नसताना हे करायचं तर आधी शेअर आईच्या नावावर व्हायला हवेत, त्याला ट्रान्समिशन म्हणतात. एवढ्या कमी दिवसांत ते पूर्ण होईल असं मला वाटत नाही. तरी उद्याच रजिस्ट्रारला फोन करून विचारा, त्यांचा पत्ता त्या पत्रावर असेल.

अनघा_पी

वसुधा, या इश्यूचे आरई हुकले तरी ट्रान्समिशनचं काम थांबवू नकोस. कागदपत्रं मंजूर झाली की शेअर आईच्या डीमॅट खात्यात घेता येतात. आता कागदी दाखले विकताच येत नाहीत. २०० शेअर असेच पडून राहिले तर पुढच्या प्रत्येक राइट्समध्ये हेच होईल. आईचं डीमॅट खातं आहे का? नसेल तर ते आधी उघड.

वसुधा_सदाशिव_पेठ

नाहीये. या आठवड्यात उघडते. धन्यवाद दोघांनाही. पण मग त्या ५० हक्कांचे पैसे कुणाला जातात? कंपनीला?

लीड्सकर

मी काही वर्षं इंग्लंडमध्ये होतो, तिथली पद्धत सांगतो. तिथे ज्यांनी काहीच केलं नाही त्यांचे न घेतलेले शेअर शेवटी बाजारात विकतात आणि इश्यू प्राइसच्या वर जे मिळेल ते त्या भागधारकांना पाठवतात. म्हणजे झोपून राहिलेल्यालाही बहुतेक वेळा काहीतरी मिळतं. इथेही तसंच असेल ना?

आकडेमोड

इथे तसं नाही. आपल्याकडे न घेतलेले शेअर आधी ज्यांनी ज्यादा शेअर मागितले आहेत त्यांना जातात, आणि तेही १५० लाच. वसुधाताईंच्या घरचे ५० हक्क गेले तर त्यातले साधारण ४,००० रुपये ज्यादा अर्ज करणाऱ्या कुणालातरी मिळतील. कंपनीला ७,५०० मिळायचे ते तसेही मिळतील. ज्यादा अर्ज करणाऱ्यांमध्ये अनेकदा प्रवर्तक स्वतः असतात. म्हणून आपल्याकडे गप्प बसणं जास्त महागात पडतं.

निवृत्त_बँकवाला

आकडेमोड यांचा हिशेब बरोबर आहे, पण मूळ मुद्दा राहून जातोय. कंपनी १०० रुपये सवलत का देतेय? मजबूत कंपनी २५० च्या शेअरसाठी २४० मागते. १५० मागते म्हणजे तिला खात्री नाही की कुणी घेईल. एवढी मोठी सवलत म्हणजे भागधारकांचं नुकसान करून पैसे उभे करणं. मी चाळीस टक्के सवलतीच्या राइट्सपासून नेहमी दूर राहिलो.

आकडेमोड

काका, सवलत किती यावरून जुन्या भागधारकाचं नुकसान ठरत नाही. याच कंपनीने तेवढेच पैसे उभे करायला १५० ऐवजी ७५ भाव ठेवला असता तर? जुन्या शेअरमागे ३७.५० रुपये उभे करायचे आहेत, तर दर २ शेअरमागे १ नवा द्यावा लागला असता. २ शेअर ५०० चे, अधिक ७५, झाले ५७५. ३ ने भागून १९१.६७. भाव बराच खाली दिसला असता. पण हक्काची किंमत ११६.६७ झाली असती आणि ४०० शेअरवर असे २०० हक्क मिळाले असते. ४०० शेअरचे ७६,६६७ आणि हक्कांचे २३,३३३. बेरीज तीच, एक लाख.

सवलत सगळ्या जुन्या भागधारकांना त्यांच्या हिश्श्याच्या प्रमाणात मिळते. एका खिशातून दुसऱ्यात जाते, माणूस तोच. सवलत वाढली की फक्त एक गोष्ट वाढते: काहीच न करणाऱ्याचा तोटा. १५० ला तो ८,००० होता, ७५ ला तो २३,३३३ झाला असता.

हेच शेअर कंपनीने एखाद्या बाहेरच्या गुंतवणूकदाराला १५० ने दिले असते, तर तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा होता. तेव्हा आपल्या हातात हक्कच नसतो.

निवृत्त_बँकवाला

हिशेबाला माझी ना नाही. पण मोठी सवलत हे लक्षण असू शकतं. ज्या कंपनीला बँक आणखी कर्ज देत नाही ती राइट्सकडे येते. तेहतीस वर्षं कर्ज विभागात काढल्यावर हे दिसतं. कर्वेनगरकरांनी ऑफर लेटरमध्ये दोन गोष्टी बघाव्यात. पैसे कशासाठी उभे करतायत, आणि प्रवर्तक आपला पूर्ण हिस्सा घेणार आहेत की हक्क सोडून देणार आहेत.

आकडेमोड

या दोन गोष्टी बघायलाच हव्यात, पूर्ण सहमत. फक्त तो प्रश्न कंपनी ठेवावी की नाही असा आहे. आरईचं काय करायचं हा प्रश्न त्याहून वेगळा. कंपनीवर अजिबात विश्वास नसलेल्या माणसानेही आरई विकायलाच हवेत.

कर्वेनगरकर

ऑफर लेटर वाचलं. साधारण दोन तृतीयांश रक्कम बँकेचं कर्ज फेडायला, उरलेली खेळत्या भांडवलासाठी. प्रवर्तक पूर्ण हिस्सा घेणार असं लिहिलं आहे.

आता माझा खरा प्रश्न. मला खिशातून काहीच घालायचं नाही, पण सगळे हक्क विकून टाकावेत असंही वाटत नाही. थोडे विकून त्या पैशात थोडे घेता येतात का?

आकडेमोड

येतात. भाव २३० आणि आरई ८० धरला तर ६६ आरई विका, ५,२८० मिळतील. उरलेल्या ३४ साठी ५,१०० लागतील, १८० हातात राहतील. शेवटी ४३४ शेअर, म्हणजे ९९,८२० आणि हे १८०. पुन्हा बरोबर एक लाख. दलाली वगैरे धरून एखादा आरई जास्त विका. एक लक्षात ठेवा, हक्काचा काही भाग जरी सोडलात तर ज्यादा शेअरसाठी अर्ज करता येत नाही. ती सोय आपला सगळा हक्क स्वतः घेणाऱ्यांसाठी असते.

सिंहगड_रोड_ट्रेडर

कागदावर आरई ८० ला जातो. बाजारात तो जवळपास कधीच पूर्ण किमतीला जात नाही. मी २०२० पासून आरईचे सौदे करतो, डीमॅटमध्ये आरई यायला लागले तेव्हापासून. पहिला मोठा इश्यू रिलायन्सचा होता, १५ ला १, भाव १,२५७. त्यात लोकांची एक गफलत पाहिली, ती सांगतो. अर्जाबरोबर फक्त ३१४.२५ भरायचे होते, बाकीचे हप्ते पुढच्या वर्षी. काहीजण आरईच्या भावात ३१४.२५ मिळवून शेअर केवढा स्वस्त पडतोय असं म्हणत होते. मिळवायचे असतात ते पूर्ण १,२५७. हप्त्याने भरायची मुभा असल्यामुळे आरईला थोडी जास्त किंमत येते, पण ती उशिरा भरण्याची सवलत असते, शेअर स्वस्त होत नाही.

तुमच्या कंपनीत सगळे पैसे एकदम आहेत, त्यामुळे हिशेब सोपा. सोमवारी आरईचा भाव बघा, त्यात १५० मिळवा, शेअरच्या भावाशी ताडून बघा. बेरीज कमी आली तर आरई स्वस्त चाललाय. बहुतेक वेळा तसंच असतं, कारण विकणारे खूप आणि घेणारे थोडे. घेणाऱ्याला लगेच १५० भरावे लागतात, शेअर हातात यायला इश्यू बंद होऊन वाटप होईपर्यंत थांबावं लागतं. शिवाय आरईमध्ये त्याच दिवशी घेऊन विकणं चालत नाही, प्रत्येक सौद्याची डिलिव्हरी होते.

आणि तारखा बघा. आरईचे सौदे इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच थांबतात. इश्यूची शेवटची तारीख मनात धरून बसलेला माणूस विकायला जातो तेव्हा बाजार बंद झालेला असतो. मग उरतं ते बाजाराबाहेर कुणालातरी स्लिप भरून देणं, आणि तेही शेवटच्या दिवसाच्या आत समोरच्याच्या डीमॅटमध्ये पोचायला हवं.

मीनल_औंध

एक शंका. आज मी २३० ला हा शेअर घेतला तर मलाही १५० ने मिळेल का?

सिंहगड_रोड_ट्रेडर

नाही. हक्क बुधवारपर्यंत घेतलेल्यांनाच. आता राइट्स हवे असतील तर सोमवारपासून आरई विकत घ्या आणि अर्ज करा. पण आरई घेऊन अर्ज करायला विसरलात तर दिलेले सगळे पैसे जातील. हे दरवेळी कुणाचं ना कुणाचं होतं.

कर्वेनगरकर (मंगळवार)

काल इश्यू उघडला. आज दुपारी शेअर २२६, आरई ६८. बेरीज २१८ येतेय, म्हणजे आरई ८ रुपये स्वस्त. स्वप्नील म्हणाले होते भाव वर जाईल, तो २३१ वरून २२६ झाला. हे टीईआरपीच्या खाली आलं, म्हणजे बाजाराला राइट्स आवडला नाही असं समजायचं का?

आकडेमोड

इतक्या लवकर नको. २३० हा भविष्याचा अंदाज नाही, बुधवारच्या बंद भावावर केलेला भागाकार आहे. त्या दिवसापासून बाकी बाजारही हलला आहे. निर्देशांक तेवढ्या काळात दीड टक्का खाली असेल तर २३० चे २२६.५० होतात, मग तुमचे २२६ जवळपास हिशेबातच आहेत. निर्देशांक वर असेल आणि हा शेअर खाली, तर प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. आणि राइट्सची घोषणा रेकॉर्ड डेटच्या बरीच आधी होते, त्यामुळे बाजाराचं मत बऱ्याचदा २५० मध्येच आलेलं असतं. घोषणेच्या दिवशी भाव किती हलला ते बघा, मत तिथे जास्त स्पष्ट दिसतं.

निवृत्त_बँकवाला

मी अजूनही म्हणतो की कर्जफेडीसाठी राइट्स काढणारी कंपनी जपून बघावी.

आकडेमोड

काका, मला उलट वाटतं. व्याज कमी झालं की नफ्यातला भागधारकाचा वाटा सुधारतो. या दोन बाजूंपैकी कुठली खरी ते दोन वर्षांचे ताळेबंद आल्यावरच कळेल.

सिंहगड_रोड_ट्रेडर

कर्वेनगरकर, आरई ६८ ला विकू नका. तुम्हाला पैसेच उभे करायचे आहेत ना? मग जुने शेअर विका.

आरई विकण्याचा रस्ता: ६९ विकून ४,६९२, त्यात ३१ चे ४,६५० भरायचे. शेवटी ४३१ शेअर आणि ४२ रुपये.

जुने शेअर विकण्याचा रस्ता: ६७ शेअर २२६ ने विकून १५,१४२. सगळ्या १०० आरईचे १५,००० भरा. शेवटी ४३३ शेअर आणि १४२ रुपये.

दोन शेअर आणि शंभर रुपये जास्त, एकूण ५५२. हे ५५२ म्हणजे ६९ आरईवरचे आठ-आठ रुपये, जे तुम्ही घेणाऱ्याला दिले नाहीत. जोखीमही तेवढीच राहते, कारण आरई हातात असताना भावाची चढउतार तशीही तुमचीच असते. फक्त शेअरचे पैसे दुसऱ्या दिवशी येतात, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. आणि आरईचा भाव बेरजेच्या जवळ आला, फरक रुपया-दीड रुपयावर राहिला, तर दलाली धरून दोन्ही रस्ते सारखेच.

अनघा_पी

कराचं बघून घ्या. मिळालेला आरई विकला तर त्याची खरेदी किंमत शून्य धरतात, म्हणजे विक्रीची सगळी रक्कम भांडवली नफा, आणि तोही अल्पकालीन. जुने शेअर वर्षापेक्षा जास्त जुने आहेत, म्हणून त्यावरचा नफा दीर्घकालीन. वर्षाला असा एकूण सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त असतो, त्याच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. ६७ शेअरचा नफा त्या मर्यादेत सहज बसेल, या वर्षी तुम्ही दुसरं काही मोठं विकलं नसेल तर. म्हणजे तुमच्या बाबतीत करही जुने शेअर विकण्याच्याच बाजूने आहे.

नवीन १०० शेअरची खरेदी किंमत १५० आणि त्यांचं वर्ष वाटपाच्या तारखेपासून मोजायचं. विकताना आधी जुने शेअर गेले असं धरलं जातं, त्यामुळे डीमॅटमधला क्रम लिहून ठेवा. आरई विकत घेऊन अर्ज केला असता तर किंमत १५० अधिक आरईचा भाव धरायची असती.

स्वप्नील_वारजे

जुने शेअर विकून राइट्स भरायचे हे डोक्यातच आलं नव्हतं. मग ज्याच्याकडे पैसे आहेत त्यानेही हेच करावं का? जुने २२६ ला विकायचे, बाजारातून ६८ ला आरई घ्यायचे, १५० भरायचे. २१८ ला तोच शेअर परत. शेअरमागे आठ रुपये.

सिंहगड_रोड_ट्रेडर

करतात लोक, पण ज्यांच्याकडे आधीपासून शेअर आहेत त्यांनीच. दोन अडचणी. मोठ्या संख्येने करायला गेलात तर तुमच्याच खरेदीने आरई वर जातो आणि फरक मिटतो. दुसरी म्हणजे वाटपापर्यंत तुमचे शेअर अडकलेले असतात. मधे एखादी बातमी आली आणि भाव ३० रुपये पडला, तर विकायला हातात काही नसतं. आठ रुपये त्या अडकण्याबद्दल मिळतात. मी स्वतः १० च्या खाली फरक असेल तर करत नाही, पण तो माझा आकडा.

कर्वेनगरकर (गुरुवार)

काल ७० शेअर २२७ ला विकले, दलाली जाऊन १५,८०० च्या वर आले. आज सकाळी १०० शेअरसाठी नेटबँकिंगवरून अर्ज केला, रक्कम ब्लॉक झाली. फीचे पैसे वेगळे राहिले. बायकोला ५ शेअरचा भागाकार दाखवला, तिने कागदावर ७५ चं उदाहरणही स्वतः करून पाहिलं.

तिच्या नावावर याच कंपनीचे ३० शेअर आहेत. तिला ७ आरई आलेत. साडेसात यायला हवे होते ना?

आकडेमोड

अपूर्णांक सोडून देतात, म्हणून ७. पण सगळे ७ घेऊन ज्यादा शेअरसाठी अर्ज केला, तर अपूर्णांक गेलेल्यांना आधी एक ज्यादा शेअर देण्याची पद्धत असते. ऑफर लेटरमध्ये तसं कलम आहे का बघा. असेल तर ८ शेअरसाठी अर्ज करा, १,२०० ब्लॉक होतील. आठवा शेअर मिळाला नाही तर त्याचे १५० मोकळे होतील.

मीनल_औंध

माझ्या वडिलांकडे फक्त ३ शेअर आहेत, त्यांना शून्य आरई दाखवतंय. त्यांनाही हे चालेल?

आकडेमोड

कलम असेल तर चालेल. आरई शून्य असले तरी रेकॉर्ड डेटला नाव असल्यामुळे ते ज्यादा शेअरसाठी अर्ज करू शकतात आणि त्या एका शेअरसाठी त्यांना प्राधान्य असतं. शून्य आरई मात्र दुसऱ्या कुणाला विकता येत नाहीत, त्यामुळे घ्यायचा असेल तर अर्जच करावा लागेल.